गुरुवारचा सांभार

बी.एस्सी.ची परीक्षा संपली त्या एप्रिलमध्ये वडिलांनी मला उमरेड रोडवरच्या गावी, माझ्या आत्याकडे पाठवलं. सोबत एक लांब काचेचं थर्मामीटर, दोन पेन्सिली आणि एक वही दिली. एका डब्ब्याचं तापमान दर तासाला लिहायचं, एवढंच माझं काम होतं.

लोक त्याला डब्बा म्हणत असले तरी ती सात फूट लांब, सात फूट रुंद आणि तेवढीच उंच अशी खोली होती. आत्याच्या घरामागे कडुलिंबाच्या सावलीत ती उभी होती. तिच्या भिंती लाकडी फळ्यांच्या, दुहेरी. दोन फळ्यांमध्ये वीतभर जागा सोडून त्यात राइस मिलमधून आणलेलं धानाचं तूस ठासून भरलं होतं. बाहेरच्या फळीच्या आतून प्लॅस्टिकचा कागद लावला होता, म्हणजे बाहेरची दमट हवा तुसात शिरणार नाही. छताला आणि दाराला थर्माकोल. आधी वडिलांनी थर्माकोलचे जोड गरम डांबराने बुजवायचा प्रयत्न केला होता. डांबर लागताच थर्माकोल वितळून तिथे मुठीएवढी भोकं पडली. ती फळी आत्याने टाकली नव्हती. कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली होती.

एका भिंतीत जुनं एअर कंडिशनर बसवलं होतं. माझे वडील एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करत. कुठल्याशा कचेरीच्या लिलावात हे यंत्र त्यांना मिळालं होतं. ते मुळात माणसांसाठी बनलेलं, त्यामुळे हवा अठरा-वीस अंशांवर आली की त्याचं स्वतःचं बटण यंत्र बंद करायचं. पालेभाजीला तेवढी थंडी पुरत नाही. वडिलांनी ते बटण मधून काढून टाकलं आणि बाटल्या थंड करायच्या जुन्या पेटीचा कंट्रोल बाहेरच्या भिंतीवर लावला. त्याच्यातून केसासारखी बारीक तांब्याची नळी निघे आणि तिच्या टोकाची छोटी कांडी आत, खोलीच्या मधोमध लोंबकळे. कांडीला जेवढी थंडी सांगितली तेवढी लागली की कंट्रोल कॉम्प्रेसर बंद करी. पंखा मात्र सतत चालू राही. बटणाभोवती वडिलांनी पुठ्ठ्याची चकती चिकटवून त्यावर अंश लिहिले होते आणि आठच्या आकड्यावर लाल खूण केली होती.

"खुणेला हात लावायचा नाही," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि सोमवारी कामावर जायचं म्हणून ते बसने नागपूरला परत गेले.

डब्ब्यावर काय ठरणार होतं, ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

आत्याची बाडी होती. बाडी म्हणजे विहिरीजवळचा भाजीचा तुकडा. त्यात पालक, मेथी आणि सांभार. नागपूरकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. आत्याचे यजमान उमरेडच्या कोळसा खाणीत होते आणि तिकडेच क्वार्टरमध्ये राहत. घरची शेती त्यांचे थोरले भाऊ बघत. मी त्यांना मोठे मामाजी म्हणायची. त्यांना बाडीच्या जागी संत्र्याची कलमं लावायची होती. विहिरीचं पाणी दोन्हीला पुरणारं नव्हतं. एप्रिलमध्ये पालेभाजी तोडली की दुसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि आठवडी बाजार रविवारी. मधल्या दिवसांची भाजी गुरांपुढे जायची, हे मामाजींचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं होतं: गुरुवारी तोडलेला सांभार रविवारच्या बाजारात ताजा निघाला, तर बाडी राहील. नाही निघाला, तर पावसाळ्यात कलमं.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आत्या तिच्या भासऱ्यांशी, म्हणजे मोठ्या मामाजींशी, थेट बोलत नसे. तेही तिच्याशी बोलत नसत. भांडण अजिबात नव्हतं. ती तशी पद्धतच होती. तिने पदर डोक्यावर घ्यायचा, त्यांनी अंगणात येण्याआधी खाकरायचं, आणि जे काही बोलायचं ते तिसऱ्या माणसामार्फत. तो तिसरा माणूस नसेल तर वासराला उद्देशून.

त्या एप्रिलमध्ये तिसरा माणूस मी होते.

"सांग वं पोरी त्यायले," आत्या चुलीजवळून म्हणे, "का बाडीची मोटर आज चालू करा म्हणा."

मामाजी चार हातांवर, बाजेवर बसलेले. त्यांनी ऐकलेलं असे. तरी ते माझ्याकडे पाहत राहत. मग मला म्हणावं लागे, "आत्या म्हणते, मोटर चालू करा."

"सांग तिले, लाइन आली का करतो."

मला हे फार जड जाई. नन्सच्या शाळेत मी अकरा वर्षं शेवटच्या बाकावर बसून काढली होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तर थोडकं बोलायचं, हे अंगात मुरलेलं. त्यात माझं मराठी शाळेतलं, स्वच्छ आणि बेचव. मी निरोप पोचवला की मामाजी हसत. "पोरगी रेडिओवानी बोलते गा," असं ते बैलाला सांगत.

डब्बा मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडला. दाराला एक भोक पाडून त्यात बुचातून थर्मामीटर बसवलं होतं. नळी आत आणि आकडे बाहेर, म्हणजे वाचायला दार उघडावं लागत नसे. बाहेर बेचाळीस अंश, डोकं तापून जाई, आणि तो पारा आठवर शांत उभा. मध्ये फक्त वीतभर तूस. ज्या तुसाला कोणी विचारत नाही, जे लोक नुसतं जाळतात, ते उन्हाला असं अडवून धरतं, याचं मला फार नवल वाटे. मी भिंतीच्या बाहेरून हात लावून बघायची: गरम. आत जाऊन तीच भिंत: गार. एकदा लक्षात आलं की आतून छताजवळची फळी जराशी कोमट लागते. तूस खाली बसलं होतं आणि वर चार बोटं पोकळी झाली होती. मी आत्याला दाखवलं. तिने वरची पट्टी काढून टोपलंभर तूस ओतलं, मुसळाने ठोकलं आणि म्हणाली, "पोट रिकामं झालं होतं याचं."

मी हे सगळं वहीत लिहीत होते, इंग्रजीत. शाळेच्या सवयीमुळे इंग्रजी सोपं जाई हे खरं. पण दुसरं कारणही होतं. घरात कोणी ते वाचू शकत नव्हतं.

गुरुवारी पहाटे सांभार तोडला. वडिलांनी बजावलं होतं की दुपारी तोडायचं नाही, उन्हाने तापलेली भाजी आत गेली तर यंत्राचा अर्धा दिवस तिला थंड करण्यातच जाईल. आत्या आणि मी कंदिलाच्या उजेडात जुड्या बांधल्या आणि सूर्य वर यायच्या आत टोपल्या डब्ब्यात गेल्या. पालकाच्या चार, सांभाराच्या सहा. सकाळी नऊला पारा अकरावर होता आणि दुपारी बाराला आठवर. मी आकड्याखाली रेघ मारली.

शुक्रवारी पहाटे मी तोंड धुवायला उठले, तर मोठे मामाजी डब्ब्याजवळ उभे होते. त्यांनी कंट्रोलचं बटण हळूच फिरवलं. आठवरून चारवर. मागे वळले तर मी तांब्या घेऊन उभी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते खाकरले आणि गोठ्याकडे गेले.

मला वाटलं, यांना डब्बा बिघडवायचा आहे. कलमं लावायचीत ना. पण तसं नव्हतं, हे मला नंतर कळलं. थंड चांगलं, तर जास्त थंड जास्त चांगलं, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्यांना पैज मारून हरायचं नव्हतं, पण भाजी सडलेलीही बघवत नव्हती. शेतकरीच ते.

मी बटण परत फिरवलं नाही. मोठ्या माणसाने केलेलं मी कसं बदलायचं? वहीत लिहिलं: पाच चाळीस, बटण चारवर.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला मी आत गेले, तर आत्या आत. हातात पाण्याची बादली. ओंजळीने सांभारावर हबके मारत होती.

"पाहून काय राहिली वं? पानं सुकून राहिली. हे मशीन पाणी पिते भाजीचं."

ते खरं होतं. पानांच्या कडा किंचित वळल्या होत्या. यंत्र हवेतला ओलावा ओढून बाहेर टाकत होतं आणि तो जायचा पानांतून. बाजारात बसणारी कुठलीही बाई हेच करते, घडीघडीला पाणी शिंपडते. आत्याने आयुष्यभर तेच केलं होतं.

"त्यायले सांगू नको," ती म्हणाली. "म्हणतीन, पाहा, डब्ब्यात बी पाणी माराच लागते, मग कायले पाहिजे डब्बा?"

मी मान हलवली. वहीत लिहिलं: दहा वाजता, पाणी. मग बारा वाजता, पाणी. दोन वाजता, पाणी. दर वेळी दार उघडं.

म्हणजे दोघांची गुपितं माझ्या वहीत शेजारी शेजारी होती आणि मी दोन्ही नीट अक्षरात लिहिली होती.

शुक्रवारी दुपारी पारा आधी सहापर्यंत उतरला. मामाजी थर्मामीटरसमोर उभे राहून मिशीला पीळ देत होते. तीनला सात. चारला नऊ. पाचला बारा. यंत्र एकसारखं घुमत होतं, क्षणभरही थांबत नव्हतं, आणि डब्बा गरम होत चालला होता. असं कसं? मी पंख्यासमोर हात धरला. हवा येत होती, पण म्हाताऱ्याच्या श्वासासारखी, जेमतेम.

सहाला लाइन, म्हणजे वीज, गेली. गावात ती रोजच जायची. आठला आली. मी दहापर्यंत बसून राहिले आणि मग जे पाहिलं त्यावर विश्वास बसेना. पारा सातवर आला होता.

"लाइन गेली आणि डब्बा सुधारला," मी आत्याला म्हटलं.

"तुले झोप आली आहे," आत्या म्हणाली.

पण मला झोप आली नाही. दोन तास बंद राहिल्यावर एखादी गोष्ट जास्त चांगली का चालावी? माणूस थकतो, यंत्र थकत नाही. मग दोन तासांत आत काय झालं? अंधारात पडून मी हे उलटसुलट करत होते. एक गोष्ट आठवली, जी मी लिहिली होती पण जिच्याकडे पाहिलं नव्हतं. लाइन नसताना यंत्राखालून टपटप आवाज येत होता. पाणी. एवढं पाणी आलं कुठून?

शनिवारी सकाळी पारा पुन्हा चढायला लागला. दहा, बारा, तेरा. पालकाच्या एका टोपलीतून वास यायला लागला होता. मामाजींनी गावातल्या दुकानातून फोन करवला आणि साडेदहाच्या बसने वडिलांच्या ओळखीचा मेकॅनिक आला. त्याचं नागपूरच्या जरीपटक्यात फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. गोरा, घामेजलेला, खांद्याला पिशवी. त्याने बाहेरून यंत्राला कान लावला, मागच्या जाळीवर हात ठेवला.

"गॅस गई है, बहनजी," तो आत्याला म्हणाला. "दुकान पे ले जाना पडेगा. मंगलवार को वापस."

"मंगळवारले?" आत्याचा हात तोंडावर गेला.

मामाजी बाजेवर बसले. विजयी वगैरे अजिबात दिसले नाहीत. "सांग तिले," ते मला म्हणाले, "आमी केलं तेवढं केलं. डब्बा काही वाईट नव्हता. पण माणसाचं मशीन भाजीले कसं चालीन? पावसाळ्यात कलमं आणू."

आत्या बाडीकडे पाहत होती. मेकॅनिकने पिशवीतून पाना काढला आणि पहिला नट सैल केला. नटाचा कर्र आवाज झाला.

"थांबा," मी म्हणाले.

तिघेही माझ्याकडे पाहायला लागले. माझे कान इतके गरम झाले की बाहेरचं ऊन काहीच नाही. मला निरोप सांगायची सवय झाली होती. पण या वेळी निरोप कोणाचाच नव्हता.

"गॅस गेला नाही," मी म्हणाले. "गॅस गेला असता तर काल रात्री सातवर कसा आला असता? लाइन गेल्यावर बरा झाला. पुढचं झाकण काढून बघा. आत बर्फ असेल."

"बर्फ?" मेकॅनिक हसला. "बहनजी, ये एसी है, कुल्फी का ठेला नहीं."

पण तो डब्ब्यात शिरला आणि त्याने झाकण काढलं. मग पाना खाली ठेवला. आतल्या जाळीच्या ज्या पातळ पत्र्यांमधून हवा जायला हवी होती, तिथे पांढराशुभ्र बर्फ होता. एकही फट नाही. भिंतच. मामाजी उठून आले, बोट लावून बघितलं आणि ते बोट तोंडात घातलं.

"बर्फच होय गा," ते म्हणाले.

"हवा जाणार कुठून?" मी म्हणाले. आता थांबता येत नव्हतं. "हवा जात नाही म्हणून खोली गरम. खोली गरम म्हणून कंट्रोलची कांडी सांगते, अजून थंड कर. म्हणून यंत्र थांबत नाही. थांबत नाही म्हणून बर्फ आणखी वाढतो."

"पर बर्फ हुई कैसे? आठ पे तो नहीं होती," मेकॅनिक म्हणाला आणि बाहेर जाऊन कंट्रोल बघितला. "ये चार पे किसने किया?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली. आणि ज्या भाषेत ती मुद्दाम लिहिली होती, त्यातून मराठी करत, मान खाली घालून मी ती वाचली. शुक्रवार, पाच चाळीस, मोठ्या मामाजींनी बटण चारवर केलं. दहा वाजता आत्याने पाणी मारलं, दार उघडं. बारा वाजता आत्याने पाणी मारलं, दार उघडं. दोन वाजता.

"शनिवारी सकाळी पुन्हा पाणी," मी संपवलं. "बटणामुळे जाळी फार थंड झाली. आणि बर्फ व्हायला पाणी आत्या देत होती. एकानेच केलं असतं तर कदाचित निभावलं असतं."

कडुलिंबावर कावळा ओरडला. मग आत्या, पदर ओढून, माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग त्यायले, बटण फिरवाले कोण सांगतलं होतं म्हणा?"

"सांग तिले," मामाजी म्हणाले, "पाणी माराले कोण सांगतलं होतं?"

"आणि हे पोरगी," आत्याचा आवाज चढला, "दोन दिस सारं पाहून राहिली आणि मुकीवानी बसली! काहून वं?"

मला वाटायचं पाहणं हेच माझं काम आहे आणि बोलणं दुसऱ्या कोणाचं तरी. तेरा अंशांवर सडणाऱ्या पालकात अर्धा वाटा माझाच होता.

मेकॅनिक तेवढ्यात जोरात हसला. "पूरा घर जासूस है!" मग त्याने बाही वर केली. कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालू ठेवला. दीड तास बर्फ वितळत होता, दोन बादल्या पाणी निघालं. आत्याने ते तुळशीला नाही, बाडीला घातलं. मेकॅनिकच्या पिशवीत जुन्या फ्रिजचा एक कंट्रोल होता. त्याची कांडी त्याने जाळीच्या पत्र्यांमध्येच खोचली आणि तार पहिल्या कंट्रोलशी जोडली. आता जाळीवर बर्फ धरायला लागला की हा दुसरा कंट्रोल कॉम्प्रेसर थांबवणार, पंखा खोलीचीच हवा फिरवून बर्फ वितळवणार, आणि जाळी मोकळी झाली की पुन्हा सुरू. दोघांनी हो म्हटलं तरच कॉम्प्रेसर चालेल.

"एक कमरे का पहरेदार, एक बर्फ का," तो म्हणाला.

बटण आठवर आलं. पाण्याचं मात्र आत्याने सोडलं नाही, आणि ते तिचं बरोबरच होतं. पाणी मारायचं नाही तर पानं सुकू द्यायची का? शेवटी पोतं भिजवून, घट्ट पिळून, टोपल्यांवर झाकायचं ठरलं. ओलावा पानांजवळ राहील, हवेत उडणार नाही. हे तिनेच सुचवलं. वहीत मी तिच्या नावावर लिहिलं.

रविवारी पहाटे दार उघडलं. यंत्राच्या अगदी समोरची पालकाची टोपली गेली होती, शुक्रवारच्या थंडीने पानं काचेसारखी होऊन मग काळी पडली होती. वास येणारी दुसरीही गुरांपुढे गेली. आत्या सांभाराजवळ गेली आणि तिथेच थांबली, तिने हात लावला नाही. हात लावला मामाजींनी. वरची जुडी त्यांनी घेतली नाही. टोपलीच्या तळात हात घालून एक ओढली. नाकाशी धरली. एक देठ मोडला. तो टचकन मोडला, वाकला नाही. पान तोंडात टाकून ते बराच वेळ चावत राहिले.

मी निरोपाची वाट पाहत उभी होते. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि डब्ब्याच्या दारावर थाप मारली.

"या साली कलमं नाही लावत गा," ते डब्ब्याला म्हणाले. "पुढच्या साली पाहू."

आत्या पदराआडून दाराकडेच बघत म्हणाली, "पुढच्या साली बी पालकच लावीन म्हणा."

त्यानंतर दिवाळीत मी गेले तेव्हा घरात तिसऱ्या माणसाची गरज उरली नव्हती. दोघं डब्ब्याशी बोलत. "दार लाव म्हणा." "पोतं पिळून टाकलं म्हणा." मी बाजेवर बसून ऐकत होते. थर्मामीटर अजून भोकात होतं. मी उठून बघितलं, पारा आठवर होता, आणि तसं मोठ्याने सांगितलं.